व्हिटॅमिन डी आणि बी12 कमी आलं. दुसरा रिपोर्ट कधी केलात? अनुभव सांगा

खिडकीजवळची

पहिल्या रिपोर्टबद्दल सगळेच बोलतात. "माझं डी सात आलं", "माझं तर पाचच". जणू शर्यतच. मला ऐकायचंय ते दुसऱ्या रिपोर्टबद्दल. किती दिवसांनी केलात, काय आकडा आला आणि त्याचं काय केलंत?

सुरुवात माझ्यापासून. तळपायाला मुंग्या येत, जिना चढताना मांड्या भरून येत. डी निघालं 8.9 आणि बी12 162. हिमोग्लोबिन 10.4. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, 104, वाजवीपेक्षा मोठा. डॉक्टरांनी डीची 60,000 युनिटची गोळी आठवड्यातून एकदा, अशा आठ दिल्या. बी12ची इंजेक्शनं आधी दिवसाआड सहा, मग आठवड्याला एक.

पाचव्या आठवड्यात धीर सुटला. मुंग्या तशाच होत्या, म्हणून कुणाला न विचारता दोन्ही तपासण्या करून आले. डी 19, म्हणजे अजून लाल रंगात. बी12च्या पुढे आकडाच नाही, नुसतं "2000 पेक्षा जास्त". मी काय केलं असेल? डीची गोळी मनानेच आठवड्यातून दोनदा सुरू केली आणि बी12चं इंजेक्शन थांबवलं. दोन्ही चुकलं. कसं ते नंतर लिहिते, आधी तुम्ही बोला.

सूक्ष्मदर्शक

ताई, मी 31 वर्षं प्रयोगशाळेत काढली, आता निवृत्त आहे. तुमच्यासारखे पाचव्या आठवड्यातले रिपोर्ट रोज हातावेगळे करायचो.

डी आधी. रक्तात आपण जे मोजतो, ते निम्मं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. चढतानाही ते त्याच चालीने चढतं. नवा डोस सुरू केला की पातळी एका जागी टेकायला साधारण तीन महिने जातात, म्हणून तीन महिन्यांचा नियम. पाचव्या आठवड्यात 8.9चं 19 होणं म्हणजे गाडी वेळेवर चाललीय. तुम्ही घाटाच्या मध्यावर उतरून "शिखर कुठंय" विचारत होतात.

बी12चं गणित अगदी वेगळं. इंजेक्शन दिल्यावर रक्तात ते तुडुंब भरतं आणि बरेच आठवडे आकडा वरच राहतो. त्या 2000वरून इतकंच कळतं की सुई टोचली होती. पेशींनी किती घेतलं, नसा किती सावरल्या, हे त्यातून कळत नाही. इंजेक्शनं चालू असताना बी12 पुन्हा मोजणं म्हणजे, स्पष्ट बोलतो, रक्त वाया घालवणं. सुधारणा बघायची तर साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा. आठवडाभरात नव्या तांबड्या पेशी वाढू लागतात, आणि हिमोग्लोबिन, एमसीव्ही दोन महिन्यांच्या आसपास जागेवर येतात. नसा सगळ्यात आळशी, त्यांना काही महिने द्यावेच लागतात.

सरळरेषा

काका, हे पटतं, पण एक राहिलं. बी12 2000 म्हणजे यकृताचा त्रास असू शकतो, हे मी स्वतः वाचलंय. आणि डी 30च्या खाली असेल तर ती कमतरताच. रिपोर्टवर तसं छापलेलं असतं. माझं 24 आहे आणि मी सहा महिने गोळ्या घेतोय, दर महिन्याला तपासतो.

सूक्ष्मदर्शक

अर्धं बरोबर आहे. बाहेरून काहीही न घेता बी12 खूप वर आलं आणि वरच राहिलं, तर यकृत किंवा रक्ताचे आजार शोधावे लागतात. ताईंना इंजेक्शन दिलेलं होतं. तिथे हा प्रश्नच उठत नाही.

30चं म्हणाल तर 2011 सालीच दोन अमेरिकी संस्थांची तोंडं दोन दिशांना होती. एंडोक्राइन सोसायटीने 20च्या खाली कमतरता, 20 ते 30 अपुरं आणि 30च्या वर पुरेसं म्हटलं. त्याच वर्षी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचं म्हणणं पडलं की बहुतेकांच्या हाडांना 20 पुरतं. पुढे 2024मध्ये एंडोक्राइन सोसायटीनेच 30चा आग्रह सोडला आणि निरोगी माणसांची सरसकट तपासणी नको म्हणाली. 12च्या खाली मात्र वाद उरत नाही. तिथे हाडं मऊ पडण्याची खरी भीती असते. तेव्हा तुमचं 24 "कमतरता" आहे का, हे तुम्ही कुणाला विचारता त्यावर आहे.

आणि दर महिन्याला तपासू नका. 22चं 25 झालं तर ती वाढ असेलच असं नाही. यंत्र बदललं तरी एवढा फरक पडतो. ऋतू बदलला तरी पडतो, हिवाळा संपताना आकडा सगळ्यात खाली असतो. एकच प्रयोगशाळा धरा. रिपोर्टवरचं एककही बघा. एकदा एक गृहस्थ 22चे एकदम 55 झाले म्हणून खूश होऊन आले होते. दुसरा रिपोर्ट नॅनोमोलमध्ये होता, अडीचने भागल्यावर पुन्हा 22च.

सरळरेषा

म्हणजे सहा महिने उगाच? 30च्या वर गेल्याशिवाय मला तरी चैन पडणार नाही.

केसांची काळजी

माझा प्रश्न केसांचा आहे, इथे चालेल ना? केस फार गळत होते म्हणून वर्षभर बायोटिन घेतेय, रोज 10 मिलिग्रॅम. डी आणि बी12 दोन्ही छान आले, 58 आणि 640. तरी थकवा आहेच. मग केस कशाने गळतात?

सूक्ष्मदर्शक

केसांचं मला कळत नाही, पण तुमच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. काही यंत्रांची रसायनं बायोटिनवरच चालतात. रक्तात बायोटिन जास्त असलं की या दोन्ही तपासण्या खोट्या वर दाखवू शकतात. रक्त देण्याआधी किती दिवस थांबवायचं ते प्रयोगशाळेला विचारा. एवढ्या डोसला आम्ही निदान तीन दिवस सांगायचो. मग पुन्हा करा.

केसांची काळजी

अरे देवा. हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

थोरला मुलगा

आमच्याकडचा प्रसंग उलटा आहे. बाबा 74 वर्षांचे. डी 11 आलं, म्हणून 60,000ची गोळी आठवड्यातून एकदा लिहिली होती. रोजच्या गोळ्यांच्या डबीत ती मीच भरली. रोज एक. सात आठवडे.

आधी बद्धकोष्ठता झाली, आम्ही वयावर ढकललं. मग तहान, रात्री चार-पाच वेळा उठणं, जेवणावरून मन उडालं. एका सकाळी त्यांनी मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारली. दवाखान्यात कॅल्शियम 13.2 निघालं, डी 150च्या वर, क्रिएटिनिनही वाढलेलं. सलाइनवर आठ दिवस काढले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे डी चरबीत साठतं, गोळी बंद केली म्हणून लगेच उतरत नाही. खरंच पुढे काही महिने दर पंधरा दिवसांनी कॅल्शियम तपासत होतो.

आता डबीत फक्त रोजच्या गोळ्या असतात. डीची गोळी मी कॅलेंडरच्या खिळ्याला पिशवीत टांगतो. रविवारची चौकोनी खूण केल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

खिडकीजवळची

दादा, हे वाचून हात गार पडले. मी आठवड्यातून दोनदा सुरू केली होती ना, तीही मनानेच.

दोनशे चौदा

माझं बी12 214. रिपोर्टवर खालची मर्यादा 200, म्हणून शेजारी "सामान्य" छापलेलं. मधुमेहासाठी अकरा वर्षं मेटफॉर्मिन घेतोय. बोटांची टोकं बधिर. सगळे म्हणाले, साखरेमुळे नसा गेल्या असतील. हिमोग्लोबिन चांगलं होतं, त्यामुळे माझाही बी12वर संशय नव्हता. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मात्र मी कित्येक वर्षं घेत होतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी नुसत्या आकड्यावर समाधान मानलं नाही. 200 ते 300 मधला माणूस कुठल्याही बाजूचा असू शकतो म्हणाल्या. मेटफॉर्मिनने बी12चं शोषण घटतं, आणि फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सावरलं की आतली कमतरता झाकून जाते, नसा मात्र बिघडत राहतात. त्यांनी मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडची तपासणी करायला सांगितली, पेशींना बी12 कमी पडलं की ते रक्तात वाढतं. आलं 0.71, असायला हवं साधारण 0.40च्या आत. मूत्रपिंड अधू असलं तरी ते वाढतं, पण माझं क्रिएटिनिन ठीक होतं. मग रोज बी12ची 1000 मायक्रोग्रॅमची गोळी. तीन महिन्यांनी तेच 0.24. डाव्या हाताच्या बोटांत संवेदना परत आली, सदऱ्याची बटणं आता न बघता लागतात. पायाचं अजून आहे तसंच आहे. साखरेचं किती आणि बी12चं किती, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

सरळरेषा

गोळीने कसं काय होतं? शोषणच होत नाही तर इंजेक्शनच हवं ना?

दोनशे चौदा

मीही हेच विचारलं होतं. पोटातली नेहमीची वाट बंद असली तरी मोठ्या डोसमधलं शंभरातलं एखादं टक्का आपोआप झिरपतं. 1000चं एक टक्का म्हणजे 10 मायक्रोग्रॅम, रोजची गरज 2-3. पण नसांची लक्षणं तीव्र असतील तर सुरुवात इंजेक्शनने करतात असंही त्या म्हणाल्या.

खिडकीजवळची

आता माझं उरलेलं. डॉक्टर रागावले, पण नीट समजावलं. इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली, डी आठवड्यातून एकवर आलं. दोन महिन्यांनी फक्त सीबीसी केला. हिमोग्लोबिन 12.3, एमसीव्ही 91. डी थेट तेराव्या आठवड्यात, पुढची गोळी घ्यायच्या आधी, त्याच प्रयोगशाळेत. आलं 34. मग महिन्याला एक गोळी, आणि सहा महिन्यांनी 31. मुंग्या जायला मात्र पाच महिने लागले. एक दिवस मोज्याची शिवण पायाला टोचली तेव्हा लक्षात आलं की टोचणं कळतंय.

कारण शोधताना निघालं ते असं की मी सहा वर्षं पित्ताची गोळी रोज घेत होते. पोटात आम्ल कमी झालं की अन्नातलं बी12 सुटतच नाही. गोळीतलं बी12 मात्र आधीच सुटं असतं, म्हणून आता मीही गोळीवर आहे. बी12च्या शोषणाच्या आड येणाऱ्या एका प्रतिपिंडाची तपासणीही झाली, ती नकारात्मक आली. होकारार्थी आली असती तर जन्मभर बी12 घ्यावं लागलं असतं. पित्ताची गोळी हळूहळू कमी करतेय. ती सुटली तर बी12 थांबवून पुन्हा कधी मोजायचं, काका?

सूक्ष्मदर्शक

यकृतात वर्षानुवर्षं पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे थांबवल्यावर महिन्याभरात मोजाल तर छानच दिसेल आणि फसाल. मी असतो तर निदान सहा महिने थांबलो असतो, आणि मुंग्या परत आल्या तर आधीच. पण हे माझं मत आहे, मी डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांचं उत्तर काय आलं ते इथे लिहा.