मदत हवी आहे : ऋग्वेदातले देव मोजायचे कसे?

आमच्या वाचनगटात मला ऋग्वेद ८.२९ वर बोलायचंय. दहा ऋचांचं हे सूक्त जवळजवळ कोड्यासारखं आहे. कुठल्याच देवाचं नाव घेतलेलं नाही, फक्त खूण दिली आहे. एकाच्या हातात लोखंडी वाकस (त्वष्टा), एकाच्या हातात वज्र (इंद्र), एकाने तीन पावलं टाकली (विष्णू). पहिल्या सातही ऋचांत ‘एकः’ येतं, आणि त्याचा अर्थ ‘हा एक, तो एक’ असा, म्हणजे वेगवेगळा.

पण चर्चा सुरू झाली की कोणीतरी १.१६४.४६ मधलं ‘एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति’ म्हणतं आणि विषय संपतो. एका ऋचेने बाकी सगळी सूक्तं का मोजायची?

मॅक्स म्युलरचा ‘हेनोथिइझम’ वाचला. त्यातही मापाची पट्टी एकेश्वरवादाचीच वाटली. यास्काच्या निरुक्तात (अध्याय ७) तीनच देवता मानणारं मत आहे, आणि स्तुती वेगळ्या म्हणून देवताही वेगळ्या, हे याज्ञिकांचंही. मीमांसक तर इंद्र आणि महेंद्र यांनाही निराळं धरतात, कारण हवी ज्या नावाने द्यायचा तीच देवता. ही कसोटी आवडली, पण ८.२९ मध्ये नावच नाही, तिथे ती अडते.

‘शेवटी सगळे एकच’ हे उत्तर नको. अद्वैताशी भांडणही नाही. संस्कृत, मराठी दोन्ही चालेल.

नाव नसताना देवतेचं वेगळेपण कशावर ठरवायचं: खुणेवर, कर्मावर की हवीवर? आणि त्या कसोटीने १.१६४.४६ कशी वाचायची?