मदत हवी आहे: नानांचे काउंट नॉर्मल, पण बीसीआर-एबीएल ३.१ टक्के. गोळी बदलायची का?

निफाडकर

नमस्कार. वडिलांसाठी विचारतोय. नाना ५४ वर्षांचे, निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, दोन घासांत पोट भरायचं. साध्या सीबीसीत पांढऱ्या पेशी १ लाख ८६ हजार निघाल्या, प्लीहाही वाढलेली होती. नाशिकच्या रक्तविकारतज्ज्ञांनी बोनमॅरो तपासून क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, सांगितलं. फिलाडेल्फिया क्रोमोसोम पॉझिटिव्ह, आजार क्रॉनिक फेजमध्ये. इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅमची गोळी, रोज एक, सुरू झाली.

दोन महिन्यांत काउंट नॉर्मल झाले, प्लीहा हाताला लागेनाशी झाली. नाना म्हणतात मी बरा झालो. पण बीसीआर-एबीएलचा रिपोर्ट तिसऱ्या महिन्यात ८.६ टक्के होता आणि सहाव्या महिन्यात ३.१. डॉक्टर म्हणाले, आता तो १ च्या खाली हवा होता, गोळी बदलून डासाटिनिब द्यायचा विचार करू. दोन आठवड्यांनी सगळे कागद घेऊन बोलावलंय.

काउंट नॉर्मल असताना हा आकडा का पाहायचा? गोळी बदलणं कितपत गरजेचं आहे? आणि तिसरं, घरात सगळ्यात जास्त टोचणारं: दोष क्रोमोसोममध्ये आहे म्हणतात, तर मी आणि धाकट्या बहिणीने तपासणी करायची का? तिचं लग्न ठरतंय.

प्राजू_सिडको

दादा, वेळ घालवू नका. माझ्या मावशीला ल्युकेमियाच होता, डॉक्टरांनी पहिल्या महिन्यातच बोनमॅरो ट्रान्सप्लांटचं सांगितलं होतं. तुम्ही दोघं भावंडं आणि नानांचे भाऊ, सगळ्यांनी मॅचिंग करून घ्या. गोळ्यांवर अवलंबून राहू नका.

वसंत_पंचवटी

प्राजूताई, तुमच्या मावशींचा आजार बहुधा अक्यूट असणार. तो वेगळा, त्यात दिवस मोजावे लागतात. इथे प्रश्न क्रॉनिक मायलॉइडचा आहे.

मी स्वतः सीएमएलचा रुग्ण. माझं निदान झालं तेव्हा नाशिकच्या एका डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पूर्वी या आजाराचे लोक साधारण चार-सहा वर्षं काढायचे, मग आजार उसळून ब्लास्ट क्रायसिसमध्ये जायचा आणि हाताबाहेर जायचा. हायड्रॉक्सियुरियाने काउंट खाली यायचे, माणूस कामाला लागायचा, पण क्रायसिस काही टळायचा नाही. निफाडकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. काउंट तेव्हाही नॉर्मल व्हायचे.

मूळ कंपनीची गोळी तेव्हा महिन्याला लाखाच्या वर जायची, आपल्या देशी कंपन्यांची आठ-दहा हजारांत मिळायची. पुढे १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला, तो दिवस मी विसरणार नाही. आज मी नातवाला शाळेत सोडायला जातो.

मीरा_क

मी पुण्यात रक्ताच्या मॉलिक्युलर तपासण्या करणाऱ्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर नाही, पण हे रिपोर्ट रोज हातातून जातात.

आधी बहिणीचं. तुम्ही दोघांनी कुठलीही तपासणी करायची गरज नाही. हा बदल नाना जन्मले तेव्हा त्यांच्यात नव्हता. त्यांच्या मज्जेतल्या एकाच मूळ पेशीत कधीतरी ९ आणि २२ क्रमांकाच्या क्रोमोसोमचे तुकडे तुटून अदलाबदल झाले, आणि तिच्यापासून निघालेल्या पेशींतच तो आहे. बीजपेशींत तो नसतो, म्हणून मुलांकडे येत नाही. लग्न ठरवताना कुणी विचारलं तर निःशंक सांगा.

१९६० मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना हा आखूड झालेला २२ क्रमांकाचा क्रोमोसोम दिसला. नुसता तुकडा गळालेला नसून तो ९ शी बदललाय, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. या अदलाबदलीत ९ वरचं एबीएल जनुक २२ वरच्या बीसीआर जनुकाला जाऊन चिकटतं आणि त्यातून एक विचित्र एन्झाइम तयार होतं. रिपोर्टमधला बीसीआर-एबीएलचा आकडा या जोडाचंच प्रमाण दाखवतो. निरोगी पेशीतलं एबीएल गरजेपुरतं चालू होतं आणि थांबतं. हे जोड एन्झाइम म्हणजे स्टार्टर चिकटून बसलेली विहिरीवरची मोटार. ती थांबतच नाही, पेशीला सतत ‘वाढ’ असाच निरोप मिळत राहतो.

त्या एन्झाइममध्ये एक खाच असते, तिथे एटीपी बसून त्याला ऊर्जा पुरवतं. इमॅटिनिब नेमकं त्या खाचेत जाऊन बसतं. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा इतका गाजावाजा झाला तो यामुळेच. बऱ्याच कॅन्सरमध्ये एकाच वेळी अनेक बिघाड असतात, एक बंद केला तर दुसरा मार्ग काढतो. सीएमएलच्या क्रॉनिक फेजमध्ये मात्र जवळपास सगळा डोलारा या एका एन्झाइमवर उभा असतो. इमॅटिनिबने सुरुवात केलेल्या रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, त्यात दहा वर्षांनी सुमारे ८३ टक्के लोक हयात होते. क्रायसिसमध्ये गेल्यावर हीच गोळी फार काळ पुरत नाही, कारण तोवर पेशींत आणखी बिघाड साचलेले असतात. म्हणून आकडा वेळेत खाली आणायची धडपड असते.

आता मला दोन गोष्टी सांगा. दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का, आणि त्यावर ‘आयएस’ लिहिलंय का? आणि नाना गोळी खरंच रोज घेतात का? स्ट्रिपा मोजून पाहा, विचारून नको.

शेतकरी_राजा

माझ्या साडूला हीच गोळी आहे. तिच्यावर द्राक्ष चालत नाही, पत्रकातच लिहिलेलं असतं. नाना बागेत राहतात, काढणीत द्राक्षं तोंडात जातच असणार. त्यामुळेच औषध लागू पडत नसेल.

मीरा_क

पत्रकात ग्रेपफ्रूट असतं. ते पपनसाच्या जातीचं आंबट फळ आहे, आपल्या द्राक्षाशी त्याचा संबंध नाही. नानांनी द्राक्षं खुशाल खावीत. ग्रेपफ्रूटने रक्तात औषध कमी होत नाही, उलट वाढतं, म्हणजे त्रास वाढू शकतो. औषध कमी पडायला लावणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन ही त्यातली मुख्य. नानांना यांतलं काही चालू असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

निफाडकर

मीराताई, टीबी-फिटचं काही नाही. पण आईला स्ट्रिपा काढायला लावल्या. महिन्याला पाच-सहा गोळ्या उरलेल्या निघाल्या. नाना रात्री जेवण झाल्यावर बऱ्याच वेळाने, रिकाम्यासारख्या पोटी, दोन घोट पाण्यासोबत गोळी घ्यायचे. मळमळ व्हायची, म्हणून काढणीच्या दिवसांत आणि एकादशीला सरळ टाळायचे. काउंट चांगले आहेत म्हटल्यावर आणखी ढिलाई आली.

रिपोर्ट दोन वेगवेगळ्या लॅबचे आहेत. पहिल्यावर आयएस कुठेच नाही, दुसऱ्यावर आहे. दुसऱ्यावर एबीएल कॉपीज ४१ हजार लिहिलंय.

मीरा_क

मग चित्र बरंच बदललं. प्रत्येक लॅबची यंत्रं आणि रसायनं वेगळी, म्हणून आकडे आंतरराष्ट्रीय पट्टीवर आणले जातात, त्याला आयएस म्हणतात. पहिल्या रिपोर्टवर ती पट्टीच नाही, म्हणजे ८.६ वरून ३.१ झाला असं म्हणताच येत नाही. खरा उतार याहून चांगला असेल किंवा वाईटही असेल. दुसरा रिपोर्ट धरा. एबीएल कॉपीज निदान १० हजार तरी लागतात, इथे त्याहून बऱ्याच जास्त आहेत, म्हणजे नमुना वाटेत खराब झालेला नाही. ३.१ हा आकडा विश्वासाचा आहे.

सहा महिन्यांना १ किंवा कमी असेल तर उत्तम, १० च्या वर असेल तर औषध फसलं असं धरतात. मधला पट्टा इशाऱ्याचा, नाना तिथे आहेत. इशारा म्हणजे गोळी बदलाच असं नाही, आधी कारण शोधा. लंडनमध्ये ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणांत चिप बसवून एक अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला. ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांपैकी सहा वर्षांत सुमारे ९४ टक्के लोक ०.१ च्या खाली पोचले, कमी घेणाऱ्यांपैकी फक्त २८ टक्के. तीस दिवसांत तीन गोळ्या चुकल्या की ९० टक्के होतात. नाना पाच-सहा चुकवतायत.

वसंत_पंचवटी

मळमळीचं माझ्याकडून ऐका. मी गोळी दुपारच्या जेवणात घेतो. अर्धी भाकरी झाली की गोळी, वर मोठा पेलाभर पाणी, मग उरलेलं जेवण. रात्री घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. एकादशीला भगर-आमटी पोटभर खाऊन घेतली तरी चालते, फक्त रिकाम्या पोटी नको. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. डोळ्यांखाली सूज आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येणं मलाही होतं. त्यासाठी गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगतो.

डासाटिनिबवर मी मध्यंतरी होतो. आकडा झपाट्याने उतरला, पण फुप्फुसाभोवती पाणी झालं आणि परत बदलावं लागलं. सगळ्यांना होतं असं नाही, नानांना छाती-दम्याचा जुना त्रास असेल तर आधीच सांगा.

निफाडकर

नाना विचारतायत, आकडा शून्यावर गेला तर गोळी सुटेल का?

मीरा_क

कधीतरी, काहींची. गोळी एन्झाइम बंद करते, पण मज्जेतल्या खोल मूळ पेशी तिला पुरत्या दाद देत नाहीत, त्या दबून राहतात. काही वर्षं उपचार झाले, आकडा निदान दोन वर्षं ०.०१ च्या खाली टिकला, तर डॉक्टर सुरुवातीला दर महिन्याला तपासणी ठेवून गोळी थांबवून पाहतात. तरीही साधारण निम्म्यांचा आकडा परत चढतो, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांत. त्यांना गोळी पुन्हा सुरू केली की बहुधा तो परत उतरतो. नानांचा तो टप्पा अजून लांब आहे.

निफाडकर

आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. स्ट्रिपांचं ऐकून त्यांनी डासाटिनिब सध्या बाजूला ठेवलं. इमॅटिनिब ४०० दुपारी जेवणात, आई समोर बसून देणार. पुढची तपासणी याच लॅबमध्ये, नवव्या महिन्यात. त्या एन्झाइममध्ये गोळीला दाद न देणारा बदल झालाय का हे पाहणारी म्युटेशनची तपासणी आत्ताच करायची का यावर ते म्हणाले, आकडा उतरला नाही तरच.

मीरा_क

मी असते तर एवढं थांबले नसते. नमुना महिना-दीड महिन्यातच पाठवला असता. गोळ्या रोज पोटात जाऊनही आकडा हलला नाही तर म्युटेशन शोधायला वेळ राहतो. टी-३१५-आय निघालं तर इमॅटिनिब आणि डासाटिनिब दोन्ही निरुपयोगी ठरतात, मग पोनाटिनिबसारखं वेगळं औषध लागतं.

वसंत_पंचवटी

त्यात तपासणीचा खर्चही आहे ना ताई, डॉक्टर तोही बघतात. निफाडकर, फुले योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि मीराताईंचा मुद्दा डॉक्टरांना फोनवर सांगून बघा.

निफाडकर

उद्या फोन करतो. आरोग्यमित्राला भेटायला आई सोमवारी जाणार आहे, नानांचं रेशनकार्ड घेऊन.