प्रसंग आजचा, कुरिअर परवाचं: मेसेजवरून पाठवलेल्या भेटींचे अनुभव

मेघना_सांगली
सुरुवात मीच करते. आईची एकसष्टी होती आणि साडीचं पार्सल अजून भिवंडीच्या गोदामातच पडलेलं. रात्री साडेआठला एका साडीच्या दुकानाचं 3000 रुपयांचं ई-व्हाउचर घेतलं आणि 'कोणाला पाठवायचं' तिथे आईचा नंबर टाकला. पैसे गेले. दहा वाजले तरी आईचा फोन नाही, म्हणून मीच केला. म्हणाली, "अगं, कुठल्या तरी चोराचा मेसेज होता, लिंक दाबा म्हणून. पुसून टाकला." अनोळखी लिंक उघडायची नाही हे तिला मीच पढवलेलं! दुसऱ्या दिवशी ऑर्डर नंबर देऊन व्हाउचर पुन्हा पाठवायला लावलं, पण वाढदिवस सरला तो सरलाच. तुमचे अनुभव लिहा.

रानवारा
आमच्याकडे केक दहा मिनिटांत येतो, त्यामुळे अशी वेळ येत नाही.

मेघना_सांगली
नशीबवान आहात. आईच्या गावात दहा मिनिटांत फक्त लाईट जाते.

काउंटरवाली
एका कपड्यांच्या दुकानात गिफ्ट कार्डाच्या काउंटरवर सहा वर्षं काढली, म्हणून थोडं लिहिते. घाई असेल तेव्हा समोरच्याचा नंबर टाकूच नका. स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाका, तारखेपुढे 'लगेच' निवडा. कोड आधी तुमच्याकडे येऊ दे. आला नाही तर स्पॅममध्ये बघा. तिथेही नसेल तर बऱ्याचदा रक्कम मोठी किंवा तुमची पहिलीच खरेदी म्हणून ऑर्डर तपासणीसाठी अडकलेली असते, आणि हे समोरच्याला वाट बघायला लावण्याआधी तुम्हाला कळतं. कोड हातात आला की आधी फोन करा, मग आपल्याच नंबरवरून दोन ओळी लिहून पाठवा. कोड एका मेसेजमध्ये, पिन दुसऱ्यात. आईने तुमचा मेसेज पुसला नसता.

दादा_नाशिककर
काही झालं तरी व्हाउचर वर्षभर चालतंच, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि नको असेल तर पैसे परत मिळतात.

काउंटरवाली
अर्धं बरोबर, दादा. बँक किंवा वॉलेट कंपनी देते ते, अनेक दुकानांत चालणारं गिफ्ट कार्ड त्या नियमात येतं: कमाल 10,000 रुपये, मुदत किमान एक वर्ष, पुन्हा भरता येत नाही, आणि रोख काढता येत नाही. म्हणजे रोख पैसे परत तिथेही नाहीत. एकाच दुकानाने स्वतःपुरतं काढलेलं कार्ड त्या नियमाबाहेर. त्याची मुदत त्यावर लिहिलेली असेल तीच. ते वेबसाइटवर चालतं की फक्त दुकानात, आणि एकदाच वापरायचं की शिल्लक उरते, हेही घेण्याआधी वाचा. काउंटरवर सगळ्यात जास्त भांडणं यावरच व्हायची.

ओसरी
माझी भाऊबीज न्यू जर्सीत. भावाला इथल्याच साइटवरून कार्ड घेऊन पाठवलं. नाशिकहून उत्तर: "ताई, कोड चुकीचा दाखवतंय." कोड बरोबर होता, पण डॉलरचं कार्ड तिकडच्या साइटवर चालतच नाही. मग भारतातली साइट उघडली, तर तिने माझं इथलं क्रेडिट कार्ड घेतलं नाही. शेवटी ठाण्याच्या मावसबहिणीने घेऊन दिलं आणि तिचे पैसे अजून द्यायचेत. (ती हे वाचत असेल तर: या महिन्यात नक्की.)

पिंट्याचा_काका
मी पुतणीला दहावीच्या निकालाला 1000 चं व्हाउचर घरच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी कौतुक करावं म्हणून. कौतुक झालं. पुतणीने कोड टाकेपर्यंत तो वापरून झाला होता. ग्रुपवर 43 जण. कोणी कबूल झालं नाही, पण पिंट्याच्या गेममध्ये त्याच रात्री नवी तलवार आली.

शांताक्का
व्हाउचर 500 चं मिळतं, 501 चं नाही. तो वरचा रुपया कसा द्यायचा? मी तो यूपीआयने वेगळा पाठवते, खाली 'ओवाळणी' असं लिहून. सून म्हणते, आई, मग सगळेच 501 यूपीआयने पाठवा ना. मला ते भाडं दिल्यासारखं वाटतं.

दादा_नाशिककर
सुनेचं पटतं. पैसे कुठेही खर्च होतात.

शांताक्का
म्हणूनच किराण्यात जातात. साडीच्या व्हाउचरची साडीच येते.

मेघना_सांगली
काउंटरवाली, आईने शेवटी 2760 ची इरकल घेतली. 240 शिल्लक आहेत, मुदत मार्चपर्यंत. आता रोज फोनवर विचारते, 240 मध्ये त्या दुकानात काय येतं.