मदत हवी आहे: बॅटरी भरली की बेटावर सोलर ट्रिप होतं

खानापूरकडच्या आमच्या कॉलेजात १०० किलोवॉट सोलर, बॅटरी आणि १२५ केव्हीएचा जनरेटर आहे. पावसात लाईन गेली की कॉलेज वीज कंपनीपासून तुटून बेट होतं आणि बॅटरीचा इन्व्हर्टर ग्रिड धरतो, तोपर्यंत सगळं ठीक. अडचण उघडीप पडलेल्या दुपारी येते. लोड जेमतेम ३५ किलोवॉट असतो. बॅटरी ९५ टक्क्यांवर गेली की कंट्रोलर सोलर कमी करण्यासाठी फ्रिक्वेन्सी चढवतो. मीटरवर ५१ हर्ट्झ दिसतं आणि सगळे सोलर इन्व्हर्टर एकदम सुटतात. थोड्या वेळाने एकदमच परत येतात, पुन्हा तेच. संगणक लॅबचे यूपीएस सारखे ओरडत असतात.

पुन्हा जोडण्याची वेळ प्रत्येक इन्व्हर्टरला वेगळी देऊन पाहिली. झटका कमी झाला, चक्र थांबलं नाही. जनरेटर त्या वेळी बंदच असतो, म्हणजे दोष त्याचा नाही. इन्व्हर्टरमध्ये फ्रिक्वेन्सीनुसार पॉवर उतरवायची सोय आहे, पण ती ५०.५ ला सुरू होते आणि ५१ ला ट्रिप. मला वाटतं, उतरायला जागाच उरत नाही.

ट्रिप ५२ वर नेली तर लाईन असताना वीज कंपनीच्या नियमात बसणार नाही. मग बेटावर असतानाच कंट्रोलरने मॉडबसवरून वेगळी सेटिंग पाठवावी, की फ्रिक्वेन्सी न चढवता थेट सोलरची मर्यादा पाठवावी? आणि तो संपर्क तुटला तर सुरक्षित स्थिती कोणती ठेवता?