मदत हवी आहे: नऱ्हे ते हिंजवडी रोजचा प्रवास, गिअरची बाईक घ्यावी की स्कूटर?

नऱ्हेकर

नमस्कार मंडळी. आमचं ऑफिस स्वारगेटहून हिंजवडी फेज 2 ला हललं. घर नऱ्ह्यात, त्यामुळे नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बालेवाडी, वाकड असा बायपास आणि पुढे हिंजवडी. जाऊन-येऊन 50 किमीच्या आसपास. अंतराचं काही वाटत नाही, वेळेचं वाटतं. बायपासला गाडी 50-60 ने पळते, पण वाकड पुलाखालून शिवाजी चौकापर्यंत आणि पुढे फेजच्या रस्त्यावर सगळं मुंगीच्या पावलाने. संध्याकाळी वारज्यालाही तेच.

सध्या दहा वर्षं जुनी 150 सीसी बाईक आहे. गेल्या काही महिन्यांपासून डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. संध्याकाळी घरी आल्यावर डब्याचं झाकणसुद्धा त्या हाताने उघडत नाही. कंबरही अधूनमधून धरते. वय 38, उंची पाच फूट नऊ इंच.

आता नवीन गाडी घ्यायची आहे. एकीकडे 125 ची बाईक (शाइन किंवा रेडर), दुसरीकडे 125 ची स्कूटर (ॲक्सेस किंवा ज्युपिटर). घरात दोन मतं आहेत. याच रस्त्यावर किंवा अशाच गर्दीत रोज गाडी चालवणाऱ्यांनी सांगा. शोरूममध्ये विचारलं तर त्यांच्याकडे जी गाडी उभी आहे तीच चांगली असते.

सह्यवारा

डोळे झाकून बाईक घ्या. दोन कारणं. एक, मायलेज. 125 ची बाईक 55-60 देते, स्कूटर गर्दीत 45 च्या पुढे जात नाही. तुमचं महिन्याचं रनिंग 1200 किमी धरलं तर पेट्रोलमध्येच सहाशे रुपयांच्या आसपास फरक पडतो. टाकीही बाईकची दुप्पट. स्कूटरच्या पाच लिटरमध्ये तुम्ही दर चार दिवसांनी पंपावर.

दोन, स्कूटरला इंजिन ब्रेकिंग नसतं. संध्याकाळी चांदणी चौकातून वारज्याकडे उतरताना मागे ट्रक असतो, तिथे नुसत्या ब्रेकवर गाडी धरायची म्हणजे जिवाशी खेळ आहे. बायपासला स्कूटर नकोच.

मानसी_ठाणे

मी घोडबंदर रोडवरून रोज स्कूटरने जाते, आधी नवऱ्याची बाईक चालवायचे. माझ्यासाठी फरक पडला तो बॅगेमुळे. लॅपटॉपची बॅग पाठीवर घेऊन गर्दीत तासभर म्हणजे खांदे आणि कंबर दोन्ही जातात. स्कूटरला ती पायाशी ठेवते, रेनकोट आणि डबा सीटखाली. पावसात समोरच्या गाडीचं चिखलपाणी पुढच्या पत्र्यावर येतं, पायांवर कमी येतं. बाईकला बूट आणि पँट घोट्यापर्यंत भिजायचीच, मग दिवसभर एसीत तसंच बसायचं. नऱ्हेकर, तुमची बॅग किती जड आहे ते लिहिलं नाहीत.

वामनकाका

मुलीला कॉलेजला द्यायची असेल तर स्कूटरच द्या. आणि आता पेट्रोलचं घेऊ नका, इलेक्ट्रिक घ्या, रात्री घरी चार्ज होते.

नऱ्हेकर

काका, गाडी माझ्यासाठीच आहे. इलेक्ट्रिकचा विचार केला होता, पण आमच्या सोसायटीत पार्किंगला प्लग देत नाहीत आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहतो.

मानसीताई, बॅग जड आहे. लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली. हा मुद्दा मी धरलाच नव्हता.

नटबोल्ट

माझं गॅरेज आहे, दोन्ही प्रकारच्या गाड्या रोज उघडतो. आधी हाताचं बघू, कारण तुमचा निम्मा निर्णय त्यावर अडकलाय.

दहा वर्षं जुन्या 150 वरून नव्या 125 चा क्लच जोखू नका. क्लचची केबल आतून सुकते, तारा तुटायला लागतात, आणि लिव्हर इतका जड होतो की रोज चालवणाऱ्याला तो जड झालेला कळतही नाही. गाडी बंद करून लिव्हर हळू दाबा. मध्येच खरखर लागत असेल किंवा सोडल्यावर लिव्हर सावकाश परत येत असेल तर केबल गेली. बदलायला शे-दोनशेपासून काही शे रुपये लागतात. नवी गाडी घेण्याआधी एवढं करून बघा.

दुसरं म्हणजे फ्री प्ले. लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल हवी. केबल फार ताणलेली असली तर लिव्हर जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी उचलते. मग प्रत्येक वेळी बोटं लांबवून धरायची आणि अंगठ्यावर सगळा भार. लहान हाताच्या माणसाला याचा जास्त त्रास होतो.

तिसरं, चालवायची पद्धत. शिवाजी चौकाच्या गर्दीत बरेच जण दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा क्लच धरून चालतात. त्यात हातही जातो आणि क्लच प्लेटही. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडा, ॲक्सिलरेटर न देता गाडी चालत्या माणसापेक्षा थोड्या जास्त वेगाने आपोआप सरकते. पुढे गाडीभर जागा सुटू द्या, मग सरका. कोणीतरी त्या जागेत घुसेल, घुसू द्या.

सह्यवारा, स्कूटरला इंजिन ब्रेकिंग नसतं हे निम्मं खरं आहे. वेगात असताना क्लच लागलेला असतो, त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन थोडं धरतं. वेग अगदी कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते. उतारावर बाईकला एक गिअर खाली टाकून जेवढं धरता येतं तेवढं स्कूटरला येत नाही, हे मात्र मान्य. चांदणी चौकाच्या उतारावर स्कूटरवाल्याने आधीच वेग कमी ठेवावा, ब्रेक तळाशी येऊन दाबू नये.

सह्यवारा

बरं, हे मला असं माहीत नव्हतं. पण मग स्कूटरला गर्दीत काहीच त्रास नाही असं म्हणायचंय का?

नटबोल्ट

असतो, फक्त हाताला कळत नाही, गाडीला होतो. स्कूटरमध्ये अर्धा क्लच तुमच्या बोटांऐवजी आतले क्लच शू धरतात. तुम्ही किंचित ॲक्सिलरेटर देऊन इंच-इंच सरकता तेव्हा ते शू ड्रममध्ये घासत राहतात, तापतात, आणि वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो. मग जागेवरून निघताना गाडी थरथरते. ही थरथर पहिल्या दहा-पंधरा किमी वेगातच असते, पुढे जाते. कव्हर उघडून आतली धूळ काढली आणि शू पॉलिश पेपरने हलके घासले की बरेच दिवस थांबते.

थरथर नाही पण ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी तेवढी पळत नाही, चढावर मान टाकते, तर बेल्ट किंवा रोलर बघायचे. बेल्ट साधारण 20-24 हजार किमीला बदलतात. तुमचं वर्षाचं 14 हजारांच्या वर होईल, म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांत वेळ येते. न बदलता रेटला आणि वाटेत तुटला तर गाडी ढकलत न्यावी लागते, किक मारून काही होत नाही. बाईकला याच्या बदल्यात चेन आहे. पाच-सातशे किमीला साफ करून तेल, पावसात त्याहून लवकर, आणि तुमच्या रनिंगला चेन ताणणं नेहमीचंच.

अनुजा_फिजिओ

दुखण्याबद्दल लिहिते, गाडीतलं मला फार कळत नाही. अंगठा मुठीत आत धरा आणि मनगट करंगळीच्या बाजूला हळूच झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला जोरात कळ आली तर तिथल्या स्नायूबंधाला सूज असू शकते. असं असेल तर कोणतीही गाडी घ्या, आधी दाखवून घ्या. क्लच बंद झाला तरी स्कूटरला डाव्या हातात मागचा ब्रेक असतो, आणि गर्दीत तोही सारखा दाबावा लागतो. जोर कमी लागतो एवढंच.

आणि तुम्ही कंबर शेवटी लिहिलीत, माझ्या मते ती आधी यायला हवी. स्कूटरवर पाय पुढे असतात, त्यामुळे सगळं वजन माकडहाडावर. खड्डा आला की धक्का थेट मणक्यात. बाईकवर पाय शरीराच्या खाली असतात, खड्डा दिसला की फूटरेस्टवर जोर देऊन किंचित उठता येतं. माझ्याकडे येणाऱ्या कंबरदुखीच्या लोकांना मी सांगते की स्कूटरवर लांब अंतर करू नका. उलट जड बॅग पाठीवर घेऊन बाईक हेही वाईटच.

नटबोल्ट

ताईंचं बरोबर आहे, त्यात चाकाचा भाग मोठा. शाइनला 18 इंची चाकं, रेडरला 17. ॲक्सेसला पुढे 12 आणि मागे 10. ज्युपिटरला दोन्ही 12. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक त्याच खड्ड्यावरून बरंचसं निघून जातं. स्कूटरच घ्यायची असेल तर मागे 12 इंची चाक असलेली बघा, आणि टायरमधली हवा एकटे असताना एकट्याच्या मापाची ठेवा. पंपावरचा मुलगा सगळ्यांना सारखीच जास्त हवा भरतो, मग कंबर जास्त हादरते.

नऱ्हेकर

सगळ्यांचे आभार. नटबोल्ट, तुमच्या सांगण्याप्रमाणे केबल बदलली. लिव्हर इतका हलका झाला की पहिल्यांदा दाबताना पूर्ण आत गेला. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून सरकायला लागलोय. दुखणं थांबलं नाही, पण संध्याकाळी झाकण उघडता येतं. अनुजाताई, मूठ करून बघितलं, कळ आली. ऑर्थोपेडिककडे वेळ घेतली आहे.

मेहुण्याची ज्युपिटर काही दिवस ऑफिसला नेली, त्याच वेळेला, तीच बॅग घेऊन. वाकड ते फेज 2 मध्ये स्कूटर खूपच सुखाची वाटली, बॅग पायाशी असल्याने खांदेही मोकळे. पण बायपासला बाजूने मोठा कंटेनर गेला की गाडी हलते, आणि सर्व्हिस रोडच्या खड्ड्यांनी कंबर बोलायला लागली. आता माझा कल बाईकला बॅगेसाठी मागे कॅरिअर किंवा बॉक्स लावण्याकडे आहे. शोरूमवाला म्हणतो बॉक्सने बाईकचा तोल जातो.

सह्यवारा

बॉक्समध्ये लॅपटॉप ठेवू नका, मागच्या टोकाला सगळ्यात जास्त हादरे बसतात.

मानसी_ठाणे

मी पाहिलंय, बरेच जण टाकीवर बसणारी बॅग वापरतात. पण पावसात तिचं काय होतं मला माहीत नाही.

नटबोल्ट

तोल जातो तो बॉक्स फार मागे बसवला आणि आत दहा किलो भरले तर. डबा, बाटली, रेनकोट एवढं बॉक्समध्ये, लॅपटॉप टाकीवरच्या बॅगेत किंवा पाठीवर एकटा. लॅपटॉप एकटा असेल तर पाठीला तितकं जड होत नाही. पण डॉक्टरांकडे जाऊन या, मग पैसे भरा. हात महिनाभर बांधून ठेवायला सांगितला तर बाईकचा विषय काही दिवस तरी बाजूला ठेवावा लागेल.

नऱ्हेकर

हो. तोवर बुकिंग करत नाही. डॉक्टर काय म्हणतात ते इथेच लिहितो. कोणी शाइन किंवा रेडरला मागे कॅरिअर लावलं असेल तर फोटो टाका, विशेषतः पाय टाकून बसताना अडतं का ते सांगा.