मदत हवी आहे: पाहुण्यांची ओळख करून द्यायला उठायच्या आधीचं शेवटचं मिनिट

रानपाखरू:
नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेच्या कार्यक्रमांत वक्त्यांचा परिचय करून द्यायचं काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतं. दीड-दोन मिनिटांचं बोलणं, मजकूर तयार असतो, घरी मोठ्याने म्हणून बघितलेला असतो, तिथे काही अडत नाही. अडतं ते शेवटच्या मिनिटाला. सूत्रसंचालक बाईंनी 'आता पाहुण्यांचा परिचय करून देण्यासाठी...' म्हटलं की छातीत धडधड सुरू, तोंडाला कोरड, बोटं गार, हातातला कागद लांबूनही दिसेल असा थरथरतो आणि पहिलं वाक्य भलत्याच वरच्या पट्टीत सुसाट निघून जातं. तिसऱ्या-चौथ्या वाक्यापासून गाडी रुळावर येते. पण सगळ्यात मोठी धास्ती ही की ऐनवेळी पाहुण्यांचं नावच आठवलं नाही तर? पुढच्या आठवड्यात परत आहे आणि आडनाव जोडाक्षरांनी भरलेलं आहे. स्टेजची भीती कायमची घालवायचे उपाय नकोत, खुर्चीपासून माईकपर्यंतच्या त्या साठ सेकंदांत नेमकं काय करायचं तेवढं सांगा प्लीज.

मोकळा_श्वास:
सोप्पंय. दहा वेळा जोरात खोल श्वास घ्यायचा, छाती पूर्ण भरेपर्यंत. ऑक्सिजन मिळाला की मेंदू शांत होतो. मी कायम हेच करतो.

सायली_टाइप्स:
सेम प्रॉब्लेम! मी 'माझं नाव अमुक, शिक्षण तमुक' एवढं आरशासमोर रोज म्हणायचे, इंटरव्ह्यूला खूप उपयोग झाला. स्ट्रेंग्थ आणि वीकनेस मात्र आधी लिहून ठेव.

रानपाखरू:
सायली, थँक्स गं, पण मला स्वतःची नाही, दुसऱ्याची ओळख करून द्यायचीये. @मोकळा_श्वास, मी तसं करून बघितलंय, उलट डोकं हलकं होतं आणि बोटांना मुंग्या येतात. असं का होतं?

निवेदक_जुना:
मुंग्या येणारच. ऑक्सिजन कमी पडलेलाच नसतो हो, बसल्याजागी रक्तात तो जवळपास पुरेपूर असतो. भराभर खोल श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो आणि त्यानेच गरगरतं, ओठांभोवती नि बोटांत मुंग्या येतात, मग माणूस आणखी घाबरतो. मोकळा_श्वास यांचं अर्धं बरोबर आहे, श्वासच कामाला येतो, फक्त भर सोडण्यावर द्यायचा. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून नाकाने नेहमीसारखा घ्या आणि ओठ थोडे मिटून, आवाज न करता, घेतला त्याच्या दुप्पट वेळ सावकाश सोडा. असे चार-पाच श्वास बसतात मिनिटात, शेजारच्याला कळतही नाही. धडधड पूर्ण थांबेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, अॅड्रेनलिन एकदा रक्तात उतरलं की ओसरायला काही मिनिटं जातात. आपल्याला फक्त पहिलं वाक्य नीट निघण्यापुरतं खाली यायचंय.

आता तुमचीच वेळ घेऊन सांगतो. बाईंनी प्रस्तावना सुरू केली की दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवा, मांड्या पाचेक सेकंद घट्ट आवळून सोडा, परत एकदा करा. अंग पळायच्या तयारीत असतं, त्या ताणाला पायात काम मिळालं की हातांची थरथर जरा कमी होते. तोंड कोरडं असेल तर पाण्याचा एक छोटा घोट, बाटली रिकामी करायची नाही. पाणी नसेल तर जिभेचं टोक दातांत हलकेच दाबून धरा, थोडी लाळ सुटते. मग कार्डावरच्या दोनच गोष्टी ओठ हलवत मनात म्हणा: पाहुण्यांचं नाव आणि तुमचं पहिलं वाक्य. अख्खा परिचय त्या मिनिटात आठवायला जाऊ नका, मधलं एखादं साल आठवलं नाही की सगळंच विसरलो असं वाटायला लागतं.

तुमचं नाव पुकारलं की आधी श्वास सोडा, मग उठा. झटकन उठलं की ठोके आणखी चढतात. माईकपाशी कार्ड खाली ठेवा, माईक तोंडाच्या उंचीला आणा, समोर कुणाकडे तरी बघा. तेवढ्यात श्वास आपोआप आत येतो, त्याच्यावर पहिलं वाक्य बोला. वरची पट्टी लागते ती बहुतेक वेळा छाती गच्च भरून, गळा आवळून बोलायला सुरुवात केल्यामुळे.

रानपाखरू:
हे भारी आहे, धन्यवाद दादा. नावाचं काय करू पण? पाठ आहे तरी विश्वास वाटत नाही.

निवेदक_जुना:
पाठ असलं तरी लिहायचंच, त्यात कमीपणा काही नाही. पातळ कागद नको, पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड घ्या, ते कागदासारखं फडफडत नाही. सगळ्यात वर नाव, मोठ्या अक्षरात, जोडाक्षरं फोडून, उच्चारात दिसेल तसं. उच्चार कार्यक्रमाआधी खुद्द पाहुण्यांनाच विचारा, 'तुमचं आडनाव मी असं म्हणतोय, बरोबर ना?' कुणाला राग येत नाही याचा. या विचारण्याचा दुसरा फायदा म्हणजे नाव एकदा त्यांच्यासमोर तोंडातून निघालेलं असतं. आणि नाव परिचयाच्या शेवटच्या वाक्यात ठेवा, तोवर तुमचा थरकाप ओसरलेला असतो. मात्र ते वाक्यही कार्डावर पूर्ण लिहिलेलं हवं.

पिंपळपान७:
शेवटी नावाला माझा विरोध. लोकांना आधीच माहीत असतं कोण येणार ते, उगाच सस्पेन्स कशाला? मी पहिल्याच वाक्यात घेते आणि सुटते.

निवेदक_जुना:
तेही चालतं. तुमची जीभ पहिल्या वाक्यात अडखळत नसेल तर. यांची अडखळते म्हणून सांगितलं.

कट्टेकरी:
एवढं कशाला करता? माझा मित्र प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेतो, हात थरथरतच नाहीत. वादक लोकही घेतात म्हणे.

डॉ_मैत्रीण:
घेतात हे खरं, पण मित्राच्या पाकिटातली गोळी कधीच नको. दमा असलेल्याला ती घातक ठरू शकते, ठोके मुळातच मंद असतील किंवा बीपी कमी असेल तरी त्रास होतो. डॉक्टरांना दाखवूनच काय ते. आणि ती साधारण तासभर आधी घ्यावी लागते, त्यामुळे धाग्यातल्या साठ सेकंदांना तिचा उपयोगच नाही.

अभ्यासू_चिमणी:
अजून एक. 'शांत हो' असं स्वतःला सांगण्यापेक्षा 'मला उत्साह वाटतोय' असं मोठ्याने म्हणणाऱ्यांची भाषणं जास्त चांगली झाली असं हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 च्या पेपरात आहे. धडधड दोन्हीकडे तीच असते, त्यामुळे ती बंद करण्यापेक्षा तिला दुसरं नाव देणं सोपं जातं.

मोकळा_श्वास:
पहिल्या रांगेत बसून मोठ्याने कसं म्हणणार?

अभ्यासू_चिमणी:
हम्म, ते आहे. मी दाराबाहेर जाऊन म्हणते. मनात म्हटलं तर तेवढाच फरक पडतो का यावर इथे कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

रानपाखरू:
आत्ताच घरी जिने चढून आलो, धडधडत असतानाच कार्ड हातात घेऊन सराव केला. श्वास सोडून उठल्यावर पहिलं वाक्य खरंच खालच्या पट्टीत आलं. मांड्या आवळायच्या युक्तीने हातांना मात्र फारसा फरक जाणवला नाही. आता एकच शंका. आमच्या बाई कधीकधी प्रस्तावना दहा मिनिटं लांबवतात. मग हे सगळं कधी सुरू करायचं?

निवेदक_जुना:
मांड्यांचं सगळ्यांना लागू पडत नाही, नसेल जमत तर सोडून द्या. लांबलेल्या प्रस्तावनेत आधी नुसतं त्या काय बोलतायत ते ऐका. त्या तुमच्या मजकुरातलं काही आधीच बोलून गेल्या तर कार्डावर ती ओळ पेनने खोडा, तेवढाच डोक्याला उद्योग. त्यांचं ठरलेलं शेवटचं वाक्य कुठलं असतं ते आधी विचारून ठेवा आणि श्वास तिथून सुरू करा.

पिंपळपान७:
आणि त्यांनी ते वाक्य घेतलंच नाही तर?

निवेदक_जुना:
मग मिनिट मिळणार नाही, एकच श्वास मिळेल. तो सोडायचा आणि उठायचं.