प्रतिसाद: डिफरन्शिएटर शेवटी का झोपतो

"३१ टॅपचा डिफरन्शिएटर केला, सॅम्पलिंग १००० हर्ट्झ, पण ४५०च्या पुढे आउटपुट आधी फुगतं आणि मग धाडकन शून्यावर येतं. टॅप वाढवू का?"

नको, टॅप वाढवून ते जाणार नाही. तुमचे टॅप `h[n] = (-1)^n / n` असणार, मधला शून्य. ५०० हर्ट्झचा सिग्नल म्हणजे +१, -१, +१ असं आलटून पालटून, तो मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो आणि टॅपची चिन्हं मात्र उलटी, म्हणून सगळं कटतं आणि तिथे शून्यच येणार, टॅप कितीही घ्या. आदर्श रिस्पॉन्सला तिथे π हवा, मग त्या कड्याच्या अलीकडे गिब्सचा फुगवटा येतो. तुमच्या ३१ टॅपला तो साधारण ४६९ हर्ट्झवर, जिथे २.९५ हवं तिथे ३.५ मिळतं. टॅप वाढवले की फुगवटा ५००कडे सरकतो, पण बसत नाही.

मी इथे सोलापुरात पॉवरलूमच्या कंपनाचं करताना हाच घोळ घातला होता, चादरीच्या मागावर कामाचं सगळं २०० हर्ट्झच्या आतच होतं! तुमचंही कामाचं असंच खालीच असेल तर हॅमिंग विंडो लावा, फुगवटा जातो, फक्त वरचा उतार लवकर सुरू होतो.

वरपर्यंत हवंच असेल तर ३२ टॅप घ्या, सम संख्येला ५००वर शून्याची सक्ती नाही, पण उशीर १५.५ सॅम्पल होतो, मूळ सिग्नलशी जुळवताना ते अर्धं सॅम्पल लय छळतं.